पान ९ वरचा घोडा काढा: आमच्या शाळेच्या विश्वस्तांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष, विश्वस्त मंडळाचे सर्व सदस्य आणि मुख्याध्यापिकाबाई यांस,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या वर्षीच्या प्रवेशपुस्तिकेचं प्रूफ गेल्या आठवड्यात पालक-शिक्षक संघाकडे आलं. सोबत एक ओळ होती, 'काही सूचना असल्यास कळवाव्यात.' मी हाताने लिहिलेली दोन पानं कार्यालयात नेऊन दिली. 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं. या उत्तराचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे, कारण अकरा वर्षं ते मीच लोकांना देत होते. म्हणून आता हे पत्र उघडपणे लिहिते आहे. शाळेचं नाव लिहिणार नाही. ज्यांनी ओळखायचं ते ओळखतील. शिवाय वाकड-हिंजवडी भागातल्या आणखी तीन शाळांच्या पुस्तिका माझ्या कपाटात आहेत, वरचं नाव झाकलं तर कुठली कुणाची ते मलाही सांगता येणार नाही.

मंडळावर आता नवीन मंडळी आहेत, म्हणून माझी ओळख सांगते. आपल्या कार्यालयात फॉर्मच्या खिडकीमागे बसणारी बाई म्हणजे मी. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आता माझी नात आपल्या शिशुवर्गात आहे. लेक-जावई दोघंही नोकरीला, त्यामुळे तिला बसमध्ये चढवणं आणि उतरवून घेणं माझ्याकडे. म्हणजे खिडकीच्या दोन्ही बाजू माझ्या पाहण्यातल्या आहेत.

प्रूफ चोवीस पानांचं आहे. मुखपृष्ठावर इमारत, आणि तिच्यापुढे अजून न लावलेली झाडं. पान २ आणि ३ वर संस्थापकांचा संदेश. मग स्मार्ट वर्ग, विज्ञान प्रयोगशाळा, रोबोटिक्स, पोहण्याचा तलाव, ऑडिटोरियम, वातानुकूलित बस. पान ९ वर घोडा. त्या घोड्याबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. तो फोटो काढला तेव्हा मी नोकरीत होते. घोडा एका सकाळी टेम्पोतून आला, सहा मुलांना त्याच्यावर बसवून फोटो काढले आणि दुपारी तो परत गेला. त्यानंतर माझ्या खिडकीवर दरवर्षी निदान दहा मुलं तरी आईचा हात ओढत 'घोडा कुठंय?' विचारायची. तलाव खरा आहे, पण त्यात तिसरीपर्यंतच्या मुलांना उतरू देत नाहीत. पुस्तिका मात्र जातात त्या बहुतेक शिशुवर्गाच्या आणि पहिलीच्या पालकांच्या हातात. ज्या सोयीसाठी काही वर्षं थांबायचं तिला पूर्ण पान, आणि जून महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुलाचं काय होणार याला एक ओळही नाही.

आता पालक काय विचारतात ते सांगते. खिडकीवर आलेला माणूस आधी फी विचारतो, मग बस. हे प्रश्न रांगेत सगळ्यांसमोर विचारायला सोपे. पुस्तिका घेतो, चाळतो, बाजूला उभा राहतो. रांग ओसरली की पुन्हा येतो आणि काचेच्या अर्धगोलाशी वाकून आवाज खाली करून खरा प्रश्न विचारतो. ते प्रश्न मी एका जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहून ठेवायचे, साहेबांना दाखवायचे म्हणून. दाखवायचं राहून गेलं. त्यांतले काही तसेच देते:

'शी-शूला कोण नेतं?'

'आम्हाला दोघांनाही इंग्रजी धड येत नाही. मुलाखतीत काय विचारतात?'

'हा अजून नीट बोलत नाही. घेतील ना?'

'मागच्या शाळेत वर्षात तीन बाई बदलल्या. इथे टिकतात का?'

'मला स्टॉपवर यायला पाच मिनिटं उशीर झाला तर काय करता?'

'सगळं मिळून किती? सगळं म्हणजे सगळं.'

या सहांपैकी एकाचंही उत्तर चोवीस पानांत नाही. मी मुद्दाम प्रूफ दोनदा वाचलं.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना झाली, दोन चिमुरड्या मुलींवर त्यांच्याच शाळेत अत्याचार झाले, आणि तोवर कुजबुजत विचारला जाणारा हा प्रश्न दुसऱ्या दिवसापासून रांगेत मोठ्याने विचारला जाऊ लागला. आपण त्याला उत्तर म्हणून पुस्तिकेत एक पान वाढवलं, 'संपूर्ण परिसर सीसीटीव्हीच्या निगराणीत'. कॅमेरे हवेतच, शासनानेही तेव्हा ते सक्तीचे केले. पण शौचालयाच्या आत कॅमेरा नसतो, नसायलाच हवा. आईचा प्रश्न नेमका त्या दाराच्या आतला आहे. साडेतीन वर्षांच्या मुलीची चड्डी कोण काढणार, कोण धुणार, ती बाई आहे की पुरुष, एकटी असते की दोघी, आणि त्या मजल्यावर आणखी कोण फिरू शकतं?

गंमत अशी, की याचं आपल्याकडे चांगलं उत्तर आहे. शिशुवर्गाच्या मजल्यावर चार मावशी आहेत. तिथे पुरुष कर्मचाऱ्याला शाळेच्या वेळात प्रवेश नाही. नळाचं काम निघालं तरी मुलं गेल्यावर प्लंबर वर जातो. हे मी अकरा वर्षं पाहिलं आहे. पण रोबोटिक्सच्या पानावर यंत्राची किंमतसुद्धा लिहिणाऱ्या आपल्या पुस्तिकेत त्या मावशींचा उल्लेख 'सपोर्ट स्टाफ' या दोन शब्दांत आटोपतो. सीसीटीव्हीचं पान तसंच ठेवा, पण अर्धं करा, आणि उरलेल्या अर्ध्यात हे लिहा:

'शिशुवर्गाच्या मजल्यावर चार महिला सेविका असतात. मुलांना शौचालयात त्याच नेतात. शाळेच्या वेळात या मजल्यावर कोणाही पुरुष कर्मचाऱ्याला किंवा बाहेरच्या व्यक्तीला प्रवेश नाही. सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झालेली आहे. मुलाच्या बोलण्यात किंवा वागण्यात काही खटकलं तर वर्गशिक्षिकेला किंवा थेट मुख्याध्यापिकांना भेटा, वेळ ठरवण्याची गरज नाही. अत्याचाराची तक्रार आल्यास शाळा अंतर्गत चौकशीची वाट न पाहता पोलिसांना कळवेल.'

शेवटचं वाक्य मंडळाला खुपेल, हे मी जाणून आहे. 'प्रवेशपुस्तिकेत पोलीस कशाला?' असं कुणीतरी म्हणेल. पण पोक्सो कायद्याने, म्हणजे २०१२ पासून, हे शाळेवर बंधनकारकच आहे. कळवलं नाही तर तो स्वतंत्र गुन्हा होतो. जे करावंच लागणार ते आधी सांगून टाकलं तर पालकाला एवढंच कळतं, की यांना कायदा माहीत आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आपल्याकडे आहे, तिचा फलक जिन्याखाली लावलेला आहे. त्यावरची नावं तेवढी जुनी आहेत, त्यांत माझंही एक आहे. ती बदला, आणि मग समितीची माहिती याच पानावर घ्या. एक अट मात्र आहे. पडताळणी सगळ्यांची खरोखर झाली असेल तरच ते वाक्य छापा. कंत्राटदाराने पाठवलेले सुरक्षारक्षक आणि बसवरचे बदली चालक या यादीत बहुतेक वेळा सुटतात. आधी फाइल काढून बघा, मग छापा.

आता फी. प्रूफमधल्या पान २१ वर 'वार्षिक शिक्षण शुल्क ७२,००० रुपये' एवढंच आहे आणि खाली बारीक अक्षरात 'इतर शुल्क लागू'. या 'इतर लागू'ने माझ्या खिडकीवर जितकी भांडणं लावली तितकी दुसऱ्या कशानेच लावली नाहीत. गेल्या वर्षी माझ्या नातीच्या प्रवेशाच्या पावत्या मी एकत्र केल्या. शिक्षण शुल्क ७२,०००. सत्र शुल्क ६,०००. वह्या-पुस्तकांचा संच ७,४००. गणवेशाचे दोन जोड, खेळाचा एक आणि बूट मिळून ५,२००. बस महिन्याला २,३०० प्रमाणे दहा महिन्यांचे २३,०००. सहल आणि स्नेहसंमेलन २,४००. आणि फक्त पहिल्या वर्षी प्रवेश शुल्क १०,०००. बेरीज १,२६,०००. दुसऱ्या वर्षापासून प्रवेश शुल्क वगळून १,१६,०००.

म्हणजे ७२ हजार वाचून, घरी हिशेब मांडून आलेला बाप दिवाळीपर्यंत त्याच्या पावणेदोन पट भरतो. रक्कम परवडते की नाही हा भाग वेगळा. काहींना परवडते, काही दुसरी शाळा बघतील. पण जो जून महिन्यात आनंदाने येतो आणि ऑक्टोबरात खिडकीवर ओरडतो, त्याला ओरडायला आपणच लावलेलं असतं. बेरीज आपण करून छापली तर तो फेब्रुवारीतच निर्णय घेईल.

फीवाढीबद्दल तर पुस्तिका अगदी गप्प आहे, आणि इथे कायदा शाळेच्या बाजूने बोलतो हे बहुतेक विश्वस्तांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्याप्रमाणे व्यवस्थापनाला पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो, आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. पालकाला 'दरवर्षी वाढवतात का?' ही धास्ती असते. तिच्यावर एका वाक्याचा उतारा आहे: 'ही फी कार्यकारी समितीने अमुक तारखेला मंजूर केली असून अमुक आणि अमुक या दोन वर्षांसाठी लागू आहे.' तारीख खरी असली की झालं. खोटी असली तर छापू नका, पण मग मला वाटतं अडचण पुस्तिकेची उरत नाही.

हप्ता चुकला तर काय, हेही लिहा. माझ्या वेळी एका वर्षी फी थकलेल्या मुलांची नावं वर्गात वाचून दाखवली गेली. कुणी सांगितलं होतं ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही. त्या यादीत एका रिक्षावाल्याची मुलगी होती. दुसऱ्या दिवशी तो सगळे पैसे घेऊन आला, काचेवर नोटा ठेवल्या आणि एक शब्द बोलला नाही. मला आजही तो बोलला नाही हेच जास्त लागतं. 'थकबाकीबद्दल शाळा फक्त पालकांशी बोलेल, मुलाला वर्गात सांगितलं जाणार नाही' हे वाक्य छापलं की ते शिक्षकांनाही बांधून ठेवतं. छापलेल्या शब्दाचा हा फायदा असतो.

आता मुलाखत. आपल्या पुस्तिकेत तिला 'इंटरॅक्शन' म्हटलं आहे. नाव बदललं तरी आई आदल्या रात्री मुलाकडून रंगांची इंग्रजी नावं पाठ करून घेतेच, आणि स्वतः पार्लरमध्ये जाऊन येते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची निवडचाचणी घेता येत नाही. पहिल्यांदा नियम मोडला तर २५ हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. आपण निवड करत नाही, नुसती ओळख करून घेतो, असं आपलं म्हणणं आहे ना? मग तेच मराठीत लिहा: 'भेटीत मुलाला किंवा पालकांना प्रश्न विचारून निवड केली जात नाही. मराठीत बोलावं.' एवढ्याने अर्ध्या आयांची झोप परत येईल.

मराठीवरून आठवलं. पूर्ण पुस्तिका इंग्रजीत आहे. आपल्या शिशुवर्गातल्या किती मुलांना आजी-आजोबा सांभाळतात हे बसस्टॉपवर येऊन बघा. फॉर्म भरतो मुलगा, पण 'ही शाळा बरी आहे' हे ठरवण्यात आमचाही हात असतो. माझ्या शेजारच्या काकांना पुस्तिका मी वाचून दाखवली. घोड्यापाशी ते म्हणाले, 'हे आपल्याकडून घेतील का वेगळे पैसे?' निम्मी पानं मराठी करा.

नीट न बोलणाऱ्या मुलाच्या प्रश्नावर मी थोडक्यात लिहिते, कारण इथे मला स्वतःची लाज वाटते. तो प्रश्न विचारणाऱ्या वडिलांना मी 'फॉर्म भरून बघा' म्हणाले होते. सीबीएसईच्या नियमांप्रमाणे आपल्याकडे विशेष शिक्षिका असायला हवी, आणि ती आहे. दुसऱ्या मजल्यावर ग्रंथालयाच्या शेजारी बसते. मला ते माहीत असूनही तोंडातून आलं नाही, कारण मलाही शाळेची ओळख पुस्तिकेतूनच झालेली होती. ती कोणत्या वेळी भेटते आणि मुलाबरोबर आठवड्यातून किती वेळ बसू शकते हे लिहा. आठवड्यातून दोनदाच जमत असेल तर दोनदाच लिहा. असे पालक पुष्कळ दारं फिरून आलेले असतात, गोलमाल शब्द त्यांना लगेच ओळखू येतो.

बाई टिकतात का, याचं उत्तर आकड्यात द्यायची आपली पद्धत फसवी आहे, आणि ती सगळ्याच शाळांत आहे. पान ५ वर मोठ्या अक्षरात '१:२०' आहे. म्हणजे वीस मुलांमागे एक शिक्षक. हा आकडा कसा निघतो ते मला ठाऊक आहे, कारण तो मीच काढायचे. शाळेत १,५२० मुलं. शिक्षक ७६. भागाकार वीस. पण त्या ७६ मध्ये खेळाचे सर आहेत, संगीताच्या बाई आहेत, ग्रंथपाल आहेत, अकरावी-बारावीचे विषयशिक्षक आहेत. पहिलीच्या कुठल्याही तुकडीत जाऊन डोकी मोजली तर ३८ भरतात आणि समोर एकच बाई असते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे, सीबीएसई एका तुकडीत चाळीसपर्यंत चालवून घेते. तेव्हा ३८ ही काही लपवण्याची गोष्ट नाही. पण '१:२०' वाचून आलेली आई पहिल्या पालकसभेला वर्गाच्या दारात उभी राहून बाकं मोजते, आणि त्या क्षणापासून आपलं बाकीचं सगळं बोलणंही ती भागाकार करून ऐकते.

त्याऐवजी लिहा: 'पहिलीच्या चार तुकड्या, प्रत्येकी ३७ ते ३९ मुलं, प्रत्येकीला एक वर्गशिक्षिका. प्राथमिक विभागातल्या २२ पैकी १४ शिक्षिका इथे तीन वर्षांहून अधिक काळ आहेत.' हा दुसरा आकडा मी निवृत्त झाले तेव्हाचा आहे, आजचा आस्थापना विभागाकडून घ्या. शिक्षकांची संख्या आपण सीबीएसईच्या सक्तीच्या जाहीर माहितीत संकेतस्थळावर टाकतोच. ती तळाच्या एका कोपऱ्यात पडून असते आणि पुस्तिका हातात फिरते. दोन्हीकडे एकच चित्र दिसू दे.

सर्वांत जास्त जागा मला बसला द्यायची आहे. पान १४ वर 'जीपीएसयुक्त वातानुकूलित बसताफा' असं आहे आणि बारा पिवळ्या बस ओळीत उभ्या आहेत.

गेल्या जुलैत काय झालं ते सांगते. त्या दिवशी दुपारपासून धो-धो पाऊस, आणि भूमकर चौकाची अवस्था काय होते ते इथल्या माणसाला सांगायला नको. बस पाऊण तास उशिरा येईल असं मला कळलं. मी स्टॉपवर छत्री घेऊन थांबले. आमच्या स्टॉपवर आणखी एक मुलगा उतरतो, दुसरीतला. त्याची आई पावसात रिक्षा न मिळाल्याने पोचली नव्हती. बस आली, माझी नात उतरली. मी म्हटलं, 'त्यालाही द्या, मी थांबते त्याची आई येईपर्यंत.' मदतनीस ताई म्हणाल्या, 'नाही काकू, ओळखपत्र नाही तुमच्याकडे त्याचं.' त्यांनी योग्यच केलं, मला आजही तसंच वाटतं. त्या मुलाला घेऊन बस पुढे गेली, मार्ग संपवून शाळेत परतली. इथपर्यंत सगळं नियमाने झालं. पण त्या आईला कुणी कळवलंच नाही. ती बस गेल्यानंतर दहा मिनिटांनी आली. मी तिला सांगितलं, मुलगा बसमध्येच आहे. तिने शाळेला फोन लावला, तो वाजत राहिला, कारण साडेचारला कार्यालय बंद होतं. चालक गाडी चालवताना फोन घेत नाही. तेही बरोबरच. जीपीएसच्या अ‍ॅपवर बस दिसत होती, त्यात मुलगा आहे की नाही ते दिसत नव्हतं. दीड तासाने रखवालदाराच्या फोनवरून मुलगाच आईशी बोलला.

यात कुणाचीच एक मोठी चूक नाही. प्रत्येकाने आपला तुकडा नीट केला, फक्त तुकड्यांच्या मध्ये काय करायचं ते कुठे लिहिलेलं नव्हतं. पालकाची भीती नेमकी त्या मधल्या जागेची असते. राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. तिच्या एका बैठकीत खालचा मजकूर ठरवून घ्या आणि पान १४ वरच्या बारा बसपैकी अकरा काढून तिथे छापा:

'प्रत्येक बसमध्ये महिला मदतनीस असते. मूल स्टॉपवर फक्त ओळखपत्र असलेल्या व्यक्तीच्या ताब्यात दिलं जातं. ती व्यक्ती नसेल तर बस तीन मिनिटं थांबते. त्यानंतर मदतनीस पालकांना फोन करते आणि मूल बसमध्येच राहतं. मार्ग संपल्यावर मूल शाळेत आणलं जातं आणि वाहतूक प्रमुख पुन्हा फोन करतात. शेवटचं मूल घरी पोचेपर्यंत वाहतूक प्रमुखांचा फोन सुरू असतो.' त्यापुढे तो नंबर.

शेवटचं वाक्य खर्चाचं आहे. कुणाला तरी साडेसहापर्यंत थांबवावं लागेल, पावसाळ्यात साडेसातपर्यंत. त्याचा पगार आणि घोड्याच्या पानाची चाररंगी छपाई यांची तुलना मी करत नाही, हिशेबनीस करतील.

आणि वेळ. फेब्रुवारी २०२४ च्या शासननिर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत असं ठरलं, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. आपण घंटा नऊला आणली आणि पुस्तिकेत तसं ठळक छापलं. माझी नात मार्गावरच्या पहिल्या स्टॉपवरची. बस ७:४० ला येते, म्हणजे ती सहा-चाळीसला उठते. नऊ वाजता शाळेत पोचलेलं मूल आणि नऊ वाजता वर्गात पेंगणारं मूल, दोन्ही एकच. प्रत्येक मार्गाची पहिल्या आणि शेवटच्या स्टॉपची वेळ छापा. ज्यांना जमणार नाही ते घर आणि शाळा यांतलं अंतर पुन्हा एकदा मोजतील, आणि कदाचित जवळची शाळा निवडतील. निवडू द्या.

यावर मंडळात कुणीतरी म्हणणार, की असं सगळं लिहिलं तर पालक बिचकतील आणि शेजारच्या शाळेत जातील. काही जातील. पण आपल्या शिशुवर्गाच्या जागा मार्चपर्यंत भरतात आणि प्रतीक्षायादी राहते, हे प्रवेशनोंदीत दिसतं. रिकाम्या होतात त्या दुसरीत आणि तिसरीत, मुलं दाखला घेऊन जातात तेव्हा. दाखल्याच्या अर्जावर कारण लिहायची ओळ असते. बहुतेक जण 'स्थलांतर' लिहितात. मी नंतर त्यांना याच भागात, दुसऱ्या शाळेच्या बसची वाट पाहताना भेटलेली आहे.

दुसरी हरकत जास्त बरोबर आहे: छापलेली माहिती शिळी होते. शिक्षिका सोडून जातात, मार्ग बदलतात. म्हणून व्यक्तींची नावं छापू नका, पदं छापा. प्रत्येक आकड्याच्या पानाखाली 'ही माहिती १ डिसेंबरची आहे' अशी तारीख टाका. बसच्या वेळांचा कागद वेगळा करून पुस्तिकेच्या मागच्या खिशात ठेवा, म्हणजे जूनमध्ये तेवढाच बदलता येईल. आणि जे नक्की पाळता येणार नाही ते गाळा. वाहतूक प्रमुख साडेपाचला घरी जाणार असतील तर बसचा वरचा मजकूर छापण्यापेक्षा बारा बस बऱ्या.

छपाईला देण्याआधी एक करा. नवं प्रूफ शिशुवर्गाच्या पाच पालकांना द्या, त्यांत दोन आजी-आजोबा असू द्यात, आणि एक प्रत खिडकीवर आता बसणाऱ्या ताईंना. त्यांना 'कशी वाटली?' असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. माझ्या रजिस्टरमधले सहा प्रश्न हातात द्या आणि प्रत्येकाचं उत्तर कुठल्या पानावर आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. जिथे बोट थबकेल ते पान पुन्हा लिहायचं. एक तास पुरतो, मी चहा घेऊन येईन.

प्रूफची माझी प्रत पेन्सिलच्या खुणांसकट आज कार्यालयात दिली आहे आणि पोच घेतली आहे. रजिस्टरही सोबत ठेवलं आहे, मागून उघडावं. पुढच्या बाजूला २०१६ च्या जावक नोंदी आहेत, त्या कुणाला लागत नसाव्यात. छापखान्याला मजकूर पंधरा तारखेपर्यंत द्यायचा आहे असं समजलं. तोवर मला रोज दुपारी पावणेचार ते सवाचार स्टॉपवर गाठता येईल, बस वेळेवर आली तर.

आपली,
पूर्वीची फॉर्मच्या खिडकीवरची बाई, आता शिशुवर्ग 'ब' मधल्या एका मुलीची आजी